भळभळती जखम, वाहती मशाल

पत्र : गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका साहित्य संमेलनात मी आजोबांवरची कविता वाचली. टाळ्या मिळाल्या. नंतर एका ज्येष्ठ कवींनी बाजूला घेऊन सांगितलं, "प्रतिमा एकमेकींत घुसल्यात, आणि निम्म्या मेलेल्या आहेत." मी म्हटलं, जखम मुद्दाम जुनीच ठेवली आहे, आजोबा तसंच बोलायचे. ते हसून म्हणाले, "सगळे मुद्दामच म्हणतात." मेलेली प्रतिमा मुद्दाम आली की हाताशी होती म्हणून आली, हे ठरवायचं कसं? आणि सरमिसळ नेमकी कुठे झाली? कविता सोबत देत आहे.

*सीमा ही भळभळती जखम*
*छप्पन्न सालापासून.*
*रक्ताचं पाणी घालून आम्ही ती वाढवली,*
*आता तिची मुळं काळजात रुतलीत.*

*लढ्याची मशाल हातांतून वाहत आली,*
*तिच्या लाटांनी तुरुंगाच्या भिंती पेटल्या.*

*तारखांवर तारखा पडत गेल्या,*
*आजोबांचे डोळे वाटेकडे लागले ते लागलेच.*

*आजोबा गेले तेव्हा*
*पंचनाम्यासारखा पाऊस पडला.*
*पेटीत निघालं : एक चश्मा, काळी फीत,*
*जुन्या उताऱ्याची घडी, पानाची चंची.*
*जखम अजून भळभळते आहे.*

— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर :

आधी सरमिसळीचं बघू. ते त्या मानाने सोपं आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

मशालीच्या दोन ओळी घ्या. मशाल वाहते, वाहत्या मशालीला लाटा येतात आणि लाटांनी भिंती पेटतात. कागदावर असं मांडलं की कुणालाही हसू येईल, पण संमेलनात कुणी हसलं नाही. 'लढ्याची मशाल' म्हटल्यावर आता कुणाला जाळ दिसत नाही आणि 'आंदोलनाची लाट' म्हटल्यावर कुणाला पाणी दिसत नाही. रोजच्या बोलण्यात असे शब्द शेजारी शेजारी सुखाने राहतात. "महागाईचा भडका उडाला आणि गरिबाचं कंबरडं मोडलं" हे वाक्य आपण वर्तमानपत्रात वाचतो, आणि भडक्याने कंबर कशी मोडली हे विचारायला कुणी थांबत नाही. दोन्ही प्रतिमा पुरत्या मेलेल्या असल्या की त्यांचं भांडण होत नाही.

कविता मात्र सावकाश वाचली जाते. ओळ मध्येच तुटते, डोळा शब्दावर थांबतो, आणि थांबलेल्या डोळ्याला मेलेल्या शब्दातही चित्र दिसायला लागतं. त्यातून शेजारी एखादा जरा हलणारा शब्द आला की संपलंच. तुमच्या ओळीत हा शब्द 'वाहत' आहे. 'हातांतून हातांत गेली' असं लिहिलं असतं तर मशाल गुपचूप पुढे गेली असती. 'वाहत'मुळे पाणी आलं, पाण्यामागून लाटा आल्या, आणि मशाल मुळात आगीची आहे हे आठवून तुम्ही शेवटी 'पेटल्या' लिहिलंत. एका क्रियापदाने पुढची सगळी गडबड केली आहे.

म्हणून सरमिसळ शोधायची तर नामांकडे बघत बसू नका, क्रियापदं तपासा. प्रतिमा बहुतेक वेळा नामात बसलेली असते, आणि ते नाम हे काम प्रत्यक्षात करू शकतं का, हे क्रियापदावर कळतं. पेन्सिल घेऊन कवितेतल्या प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधा आणि ती गोष्ट डोळ्यांसमोर घडवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

पहिल्या कडव्यात याहून गुंतागुंतीचं काहीतरी झालं आहे, आणि तिथे मला जास्त काळजी वाटते. 'रक्ताचं पाणी घालून आम्ही ती वाढवली.' इथे दोन वाक्प्रचार एकमेकांत अडकले आहेत. एक रक्ताचं पाणी करणं, म्हणजे खपणं. दुसरा खतपाणी घालणं, म्हणजे पोसणं. दोन्हींत 'पाणी' आहे, त्या सामाईक शब्दावरून तुमची लेखणी एका रुळावरून दुसऱ्यावर गेली आणि जखमेचं झाड झालं. मग झाडाला मुळं आलीच.

हे नुसतं बेढब दिसतं असं नाही. या ओळीचा अर्थ काय झाला ते वाचा : सीमेची जखम आम्हीच पोसली, आम्हीच वाढवली. सीमाप्रश्नावर समोरची बाजू नेमकं हेच म्हणत आली आहे. तुम्हाला ते म्हणायचं नव्हतं, हे कवितेच्या उरलेल्या ओळींवरून स्पष्ट आहे. प्रतिमांच्या सरमिसळीत खरा धोका हा असतो. चित्र बिघडतं ते बिघडतंच, पण दुसऱ्या प्रतिमेबरोबर तिचा स्वतःचा अर्थही आत येतो, आणि तो कवीने बोलावलेला नसतो. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाने जरी ही ओळ नीट ऐकली असती तर तुम्हाला वेगळ्याच प्रश्नाला तोंड द्यावं लागलं असतं.

त्या ज्येष्ठांचं ऐकून एका कवितेत एकच प्रतिमा असा नेम मात्र करू नका. एकाच विषयाला एकामागून एक अनेक रूपकं लावायला आपल्या अलंकारशास्त्राने कधीच बंदी केलेली नाही, त्याला मालारूपक असं नावही दिलं आहे. ज्ञानेश्वर एकेका मुद्द्यासाठी ओळीने दृष्टान्त देत जातात, पण प्रत्येक दृष्टान्त आपलं काम पुरं करून बाजूला होतो आणि मग दुसरा येतो. तुमच्याकडे पहिली जखम अजून वाक्यात आहे आणि झाड त्याच वाक्यात शिरलं. मध्ये पूर्णविराम असता, झाडाला स्वतःचं वाक्य असतं, तर ती सरमिसळ राहिली नसती, दोन प्रतिमा झाल्या असत्या.

आता मेलेल्या प्रतिमांकडे. मम्मटाने अकराव्या शतकात काव्यप्रकाशात लक्षणेची दोन कारणं सांगितली आहेत, रूढी आणि प्रयोजन. शब्दाचा सरळ अर्थ सोडून आपण दुसरा घेतो, तो एक तर तशी वहिवाट पडली म्हणून, नाहीतर त्यातून काही जास्तीचं सुचवायचं असतं म्हणून. पुढे तो म्हणतो की रूढीच्या लक्षणेत व्यंग्य, म्हणजे सुचवलेला जास्तीचा अर्थ, नसतं, प्रयोजनाच्या लक्षणेत असतं. तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. तुम्ही जखमेला 'मुद्दाम' म्हणता, तेव्हा एका रूढ शब्दाला प्रयोजन असल्याचा दावा करता. दावा असला की पुरावा लागतो, आणि तो कवितेत असावा लागतो.

त्याआधी कोणत्या प्रतिमा खरोखर मेल्या आहेत ते नक्की करून घ्या. आपल्या भागात त्याची एक सोपी परीक्षा आहे. 17 जानेवारीच्या हुतात्मा दिनाची आणि 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची भाषणं लहानपणापासून ऐकलेलं कुणीतरी घरात असेल. त्याला अर्धी ओळ ऐकवा आणि थांबा. 'भळभळती…' म्हणा, तो 'जखम' म्हणेल. 'लढ्याची…' म्हणा, 'मशाल' येईल. 'डोळे वाटेकडे…', 'लागले'. 'तारखांवर…', 'तारखा'. श्रोता तुमच्याआधी ओळ पुरी करतो तिथे प्रतिमा मेलेली आहे, तुम्ही ती कितीही मनापासून लिहिली असो. 'पंचनाम्यासारखा…' म्हणून थांबलात तर मात्र तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल.

या चार मेलेल्या प्रतिमांना एकच शिक्षा द्यायचं कारण नाही. 'तारखांवर तारखा' मी हात न लावता ठेवेन. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तिथे तारखा खरोखरच पडतात. जो झिजलेला शब्दप्रयोग अक्षरशः खरा आहे तो कवितेत रूपक म्हणून उभाच राहत नाही, माहिती म्हणून राहतो. त्याला ताजं करायला जाऊ नका, बिघडेल.

आता जखम. तुम्ही पत्रात लिहिता की आजोबा तसंच बोलायचे. पण कवितेत हे कुठे आहे? 'सीमा ही भळभळती जखम' ही ओळ कवितेत तुम्ही स्वतः बोलता आहात. कवितेसोबत वाचकाला तुमचं पत्र मिळत नाही. मुद्दामपणा कवीच्या मनात असून भागत नाही, त्याची खूण पानावर लागते. तुमच्या सध्याच्या मसुद्यात 'भळभळती'च्या जागी 'ओली' किंवा 'जुनी' घालून बघा. कवितेचं काही बिघडत नाही, म्हणजे तो शब्द तिथे प्रयोजनाने बसलेला नाही. शब्द बदलल्यावर कवितेतला एखादा माणूस, एखादा प्रसंग किंवा पुढची ओळ खोटी पडली तरच म्हणायचं, की हा शिळा शब्द तिथे शिळाच हवा होता.

काही जागी शिळेपणा कुणाला खटकत नाही, हेही खरं. 'पहिली माझी ओवी' असं म्हणून जात्यावर सुरुवात झाली तर कुणी म्हणत नाही की ही सुरुवात झिजलेली आहे. तिथे झिजलेला शब्दच पुढच्या बाईला सूर देतो. पण तुमची कविता ओवी नाही. ती एका माणसाची एकट्याची कविता आहे, आणि तिच्यात ठरलेला शब्द आला की लगेच विचारलं जातं, हा कुणाचा?

तर विचारू या : 'भळभळती जखम' हा शब्द कुणाचा? आजोबांचा तर नक्कीच नाही. खानापुरात विळा लागून बोट कापलं तर कुणी "जखम भळभळते आहे" म्हणत नाही, "रगत थांबंना झालंय" म्हणतात. 'भळभळती' हा शब्द व्यासपीठावरचा आणि अग्रलेखातला आहे. आजोबांनी तो कुठल्या तरी सभेत ऐकला, त्यांना पटला, आणि आयुष्यभर त्यांनी तो जसाच्या तसा वापरला. हे मला त्या जखमेपेक्षा किती तरी जास्त रंजक वाटतं : घरी एक भाषा बोलणारा शेतकरी, आणि त्याच्या तोंडात एकच वाक्य सभेतलं. तुम्ही ते वाक्य त्यांच्या तोंडात परत दिलंत आणि त्याच्या अवतीभोवती त्यांची रोजची बोली ठेवलीत, तर त्या शब्दाचा शिळेपणा ऐकू येईल, आणि तो तुमचा दोष न राहता आजोबांचा स्वभाव होईल. मी पेन्सिलीने असं करून पाहिलं :

*आजोबा सांगायचे,*
*"भळभळती जखम हाय बग ही. छप्पन सालापासनं."*
*आणि उठून*
*भाताचं पाणी बघायला जायचे.*

इथे 'भळभळती'च्या जागी दुसरं विशेषण घालता येत नाही, कारण आपण ऐकलेलं वाक्य बदलायचा अधिकार आपल्याला नाही. दुसरं म्हणजे पुढची कृती. एवढं मोठं वाक्य बोलून माणूस उठतो आणि शेतावर जातो, म्हणजे हे वाक्य त्याने इतक्या वेळा उच्चारलं आहे की आता ते म्हणून कामाला लागता येतं. शब्द मेलेला आहे हे कवितेला माहीत आहे, हे वाचकाला त्या 'उठून'मध्ये कळतं. एक गोष्ट सांभाळा : अवतरणचिन्हं वाचताना ऐकू येत नाहीत. संमेलनात 'हाय बग' आणि 'सालापासनं' हेच तुमचं अवतरणचिन्ह. म्हणून निवेदनात 'आजोबा' आणि 'जायचे' हे तुमचं प्रमाण मराठीच राहू द्या, बोली फक्त त्यांच्या तोंडी ठेवा. सगळीकडे बोली पसरलीत तर दोन आवाज एक होतील आणि ही खूण पुसली जाईल.

जखम जिवंत करायचा आणखी एक मार्ग आहे, तो तुम्हाला कुणीतरी सुचवेलच, म्हणून सांगतो. मेलेलं रूपक शब्दशः घ्यायचं. 1956 ची जखम आज भळभळू शकत नाही. इतकी जुनी जखम म्हणजे व्रण. त्यावर केस उगवत नाहीत, घाम येत नाही, आणि काहींचा व्रण थंडीत ठणकतो. यातून एक चांगली कविता निघेल, पण ती ही कविता नव्हे. तुमच्याकडे याहून चांगलं काहीतरी आधीच आहे आणि तुमचं त्याकडे लक्ष गेलेलं दिसत नाही.

ते म्हणजे पंचनामा. आपल्याकडे पाऊस आधी पडतो आणि मग पंचनामे होतात. घर पडलं, भात कुजलं, की सरकारी माणूस येतो, पंचांसमक्ष जे दिसतं ते लिहून घेतो. तुमच्या ओळीत पाऊस स्वतःच पंचनामा करतो आहे. हा उलटा क्रम या कवितेतली एकमेव खरी नवी गोष्ट आहे. आणि आता ही ओळ हातात धरून मागे पुढे बघा. आधी 'छप्पन्न सालापासून' आहे, ते अर्जातल्या भाषेसारखं. मग 'तारखांवर तारखा'. पुढे पेटी उघडते आणि वस्तूंची यादी येते, त्यात जमिनीचा उतारा आहे. तुमची कविता आतल्या आत कचेरीच्या भाषेत बोलते आहे. एका माणसाचं आयुष्य प्रकरण होऊन पडलं, हे तिचं खरं रूपक. ते तुम्ही ठरवून आणलं नसेलही, पण ते चार ठिकाणी एकमेकांशी जुळतं. जखम, झाड, मशाल, लाट ही सगळी गर्दी त्याच्यावर येऊन बसली आहे.

म्हणून माझ्या मते तुमचं काम मेलेल्या प्रतिमा वेचून काढायचं नाही, या एका प्रतिमेला जागा करून द्यायचं आहे. पेटीतली यादी खरोखर पंचनाम्यासारखी लिहा. पंचनाम्यात 'एक चश्मा' नसतं, 'चश्मा एक' असतं, आणि वस्तूची अवस्था पुढे नोंदलेली असते. तेवढ्या शब्दक्रमाने पावसाची उपमा खालच्या चार ओळींत काम करायला लागते, आणि तुम्हाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

डोळ्यांचं राहिलं. 'डोळे वाटेकडे लागले' ही ओळ सध्या मेलेली आहे, पण तिच्या शेजारी पेटीतला चश्मा आहे आणि तो खरा आहे. आपल्या बोलण्यात वाट बघणं आणि वाट लागणं दोन्ही चालतात, आणि म्हाताऱ्या माणसांना असला विनोद करायला आवडतो. "वाट बगून बगून डोळ्याची वाट लागली की," असं आजोबा कधी म्हणाले असतील तर घ्या. दोन मेलेले वाक्प्रचार एकमेकांवर आपटून दोन्ही जागे होतात, आणि मोतीबिंदूचं नाव न घेता तो दिसतो. ते म्हणाले नसतील आणि त्यांच्या स्वभावात बसत नसेल, तर ही कोटी माझी आहे, त्यांच्या तोंडी घालू नका. असला खेळ एका कवितेत एकदाच करायचा. दुसऱ्यांदा केला की वाचक आजोबांना सोडून कवीच्या हुशारीकडे बघायला लागतो.

सगळं जोडून मसुदा असा होतो :

*आजोबा सांगायचे,*
*"भळभळती जखम हाय बग ही. छप्पन सालापासनं."*
*आणि उठून*
*भाताचं पाणी बघायला जायचे.*

*तारखांवर तारखा पडत गेल्या.*
*"वाट बगून बगून डोळ्याची वाट लागली की,"*
*म्हणत चश्मा पुसायचे.*

*आजोबा गेले तेव्हा*
*पंचनाम्यासारखा पाऊस पडला.*
*पेटीत निघालं :*
*चश्मा एक, काच तडकलेली.*
*काळी फीत एक.*
*जुन्या उताऱ्याची घडी.*
*चंची, रिकामी.*

तडकलेली काच आणि रिकामी चंची मी घातली आहे. तुमच्या पेटीत जे खरंच होतं ते लिहा. पंचनाम्यात खोटी नोंद करायची नसते.

मशालीचं कडवं मी गाळलं, आणि तुमचा जीव त्यातच जास्त अडकला असेल, अशी मला शंका आहे. त्याला वाचवायचा एक रस्ता आहे. ते सभेतल्या वक्त्याच्या तोंडी द्यायचं. वक्ता तापला की मशाल, लाटा, वणवा सगळं एका श्वासात येतं, आणि तिथे सरमिसळ हीच खरी नक्कल ठरते. मशाल वाहते, लाटा पेटतात, माईक शिट्टी मारतो, आजोबा पुढच्या रांगेत टाळ्या वाजवतात. मुद्दाम केलेली सरमिसळ म्हणतात ती ही. पण मग श्रोते हसतील, आणि ते कशाला हसतील याचा आधी विचार करा. 1956 च्या जानेवारीत आणि 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आपल्याकडे माणसं गोळीबारात गेली आहेत, आणि त्यांच्या घरची मंडळी अशा संमेलनांना येऊन बसतात. वक्त्याची टर उडवायचा तुम्हाला हक्क आहे, फक्त ती अपघाताने उडता कामा नये. शिवाय 2022 पासून मशाल हे महाराष्ट्रातल्या एका पक्षाचं निवडणूक चिन्ह झालं आहे, त्यामुळे तुम्ही नुसता आगीचा जाळ म्हणून आणलेली मशाल श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे मतदानयंत्रावर उभी राहील. मी असतो तर ती ठेवली नसती.

'मुद्दाम' म्हणण्याबद्दल एवढंच, की त्या ज्येष्ठांचं हसणं थोडं तुसडं असलं तरी त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दोष दाखवल्यावर सुचलेलं प्रयोजन आणि लिहिताना असलेलं प्रयोजन यांतला फरक मसुद्यांत सापडतो. तुमची जुनी वही काढा. पहिल्या खर्ड्यात जखम होती आणि तुम्ही तिच्याभोवती खाडाखोड केली असेल, दुसरे शब्द लिहून खोडून परत तिच्याकडे आला असाल, तर तुमचं म्हणणं खरं आहे, तो शब्द तुम्ही निवडला होता. ती ओळ पहिल्या फटक्यात आली आणि शेवटपर्यंत कुणी तिला हात लावला नसेल, तर ती निवडलेली नाही, नुसती राहून गेलेली आहे. अशी राहून गेलेली ओळ नंतर निवडायलाही हरकत नसते. फक्त निवडली की तिच्या शेजारी काहीतरी हलवावं लागतं, आपण वर 'उठून' आणलं तसं.

शेवटची ओळ, 'जखम अजून भळभळते आहे', मी काढली, कारण तिथे आजोबांचा शब्द तुम्ही स्वतःचा करून घेता आणि पहिल्या कडव्यात मिळवलेलं अंतर घालवता. तुम्हाला जखमेवरच संपवायचं असेल तर ती तिसऱ्या कुणाच्या तरी तोंडी द्या. तेराव्याला आलेल्यांपैकी कुणीतरी पान लावता लावता म्हणतो, "भळभळती जखम हाय बगा ही." मग तेच शिळं वाक्य एका म्हाताऱ्याकडून दुसऱ्याकडे गेलेलं दिसेल, आणि पहिल्यांदा ते फक्त आजोबांचं वाटलं होतं ते आता अख्ख्या गावाचं आहे हे कळेल. हा शेवट जास्त कडू आहे. चंचीवर थांबायचं की इथपर्यंत यायचं, ते तुमच्या घरी त्या दिवशी खरोखर काय बोललं गेलं ते आठवून ठरवा.